डबे गरम पोचवायचेत? मग फेरी लावताना या चुका टाळा

डब्याचा धंदा नव्याने सुरू करणारे बहुतेक जण फेरी एकाच पद्धतीने लावतात. घरातून निघायचं, वाटेत जो आधी लागेल त्याला आधी डबा, मग त्याच्या पुढचा. पेट्रोल वाचतं आणि डोक्याला ताप नाही. मग थोड्याच दिवसांत शेवटच्या ऑफिसातून फोन येतो, "वहिनी, रस्सा गार येतोय हो." त्यावर वहिनी काय करतात? आणखी जाड, आणखी महाग पिशवी आणतात. रस्सा तरीही कोमटच पोचतो, कारण गडबड फेरीत असते आणि पैसे पिशवीवर खर्च होतात.

जवळचे आधी आणि सगळे एकाच फेरीत

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नडणारी चूक हीच. एक उदाहरण मिनिटांसकट बघू.

स्वयंपाकघर कोल्हापुरात राजारामपुरीत आहे आणि एकूण डबे एकोणीस. तीन डबे राजारामपुरीतच, वेगवेगळ्या गल्ल्यांत, प्रत्येकी एक. शाहूपुरीतल्या दुकानांत मिळून तीन. ताराबाई पार्कातल्या एका ऑफिसात आठ आणि नागाळा पार्कातल्या एका ऑफिसात पाच. गल्लीतून गल्लीत जायला तीन मिनिटं धरा, पण प्रत्येक घरी गाडी लावणं, जिना, बेल, रिकामा डबा परत घेणं यात चार मिनिटं जातात. शाहूपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क या तिन्ही ठिकाणी थांबा तीन-तीन मिनिटांचा.

आता सव्वाबाराला सगळे डबे घेऊन निघालं आणि जवळचे आधी दिले, तर राजारामपुरीतच एकवीस मिनिटं जातात. शाहूपुरीत पोचायला 12:42, ताराबाई पार्कात 12:51 आणि नागाळा पार्कात 12:58. घड्याळाकडे बघितलं तर सगळं झकास, एकच्या जेवणाआधी डबे हजर. पण नागाळा पार्कातला डबा पिशवीत त्रेचाळीस मिनिटं होता आणि ताराबाई पार्कातले आठ डबे छत्तीस मिनिटं. राजारामपुरीतल्या तीन डब्यांसाठी बाकीचे सोळा डबे एकवीस मिनिटं फुकट फिरले.

फेरी लावताना किलोमीटर मोजत बसू नका. डबा भरल्यापासून हातात पडेपर्यंत किती मिनिटं गेली ते मोजा. कुठल्याही थांब्यावर गेलेलं प्रत्येक मिनिट पिशवीत उरलेल्या सगळ्या डब्यांना लागू होतं. एका डब्यासाठी तिसऱ्या मजल्यावर चढलात, तर तो जिना मागे राहिलेल्या अठरा डब्यांनीही चढला असं समजा.

यावरचा उपाय इतका साधा आहे की लोकांना तो पटतच नाही. राजारामपुरीतले तीन डबे घेऊन 12:10 ला निघा. ते 12:13, 12:20 आणि 12:27 ला पोचतात. 12:34 ला परत स्वयंपाकघरात या, तोवर घरात कुणीतरी बाकीचे सोळा डबे भरून ठेवलेले असतील. दोन मिनिटांत पिशव्या गाडीला लावून 12:36 ला निघा. थेट शाहूपुरीला आठ मिनिटं लागतात, म्हणजे 12:44. मग ताराबाई पार्क 12:53 आणि नागाळा पार्क बरोबर एक. शेवटच्या ऑफिसात डबा पोचायला फक्त दोन मिनिटं उशीर झाला, पण पिशवीत तो त्रेचाळीसऐवजी चोवीस मिनिटं राहिला. क्रम तोच, गिऱ्हाइकं तीच, पेट्रोल थोडं जास्त.

"पुन्हा घरी कशाला यायचं, वेळ जातो" असं म्हणणारी पोरं हमखास भेटतात. त्यांना हे वेळापत्रक कागदावर लिहून दाखवा. स्वयंपाकघराच्या पाच-सात मिनिटांच्या आतली घरं लांबच्या फेरीत कधीच घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची वेगळी छोटी फेरी करा, आधी किंवा नंतर. ती आधी की नंतर, हे जेवणाच्या वेळा ठरवतील. घरी एकटे राहणारे वयस्कर लोक, त्यातही जेवणाच्या वेळेवर औषध किंवा इन्सुलिन घेणारे, यांची वेळ आधी पाळायची. त्यांच्यापुढे बाकीचं गणित बाजूला.

घरात भरायला दुसरं माणूस नसेल तर चपाती, भाजी, लोणचं आधीच भरून ठेवा आणि परत आल्यावर फक्त भात आणि रस्सा ओता. तेवढा वेळ मात्र वेळापत्रकात आधीच धरा.

भरायचा क्रम आणि काढायचा क्रम

ही चूक फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. पिशवीत जो डबा शेवटी द्यायचा तो तळाशी जातो, म्हणून लोक तोच सगळ्यात आधी भरतात. म्हणजे सगळ्यात लांब जाणारा डबा सगळ्यात आधी भरला जातो आणि निघायच्या आधीच बाकीचे भरेपर्यंत कट्ट्यावर बसून राहतो. सोळा डबे भरायला दहा-बारा मिनिटं सहज जातात. फेरी कितीही चांगली लावा, ही दहा मिनिटं नागाळा पार्कच्याच डब्याच्या माथी येतात.

उलट शाहूपुरीचे आधी भरले, तर ते पिशवीत तळाशी जातात आणि पहिल्याच थांब्यावर अख्खी पिशवी रस्त्यात उपसावी लागते. पिशवी उघडी, वाफ बाहेर, आणि पावसाळ्यात वरून पाणी.

म्हणून दोन पिशव्या ठेवा. वरच्या उदाहरणात एका पिशवीत शाहूपुरी आणि ताराबाई पार्कचे मिळून अकरा डबे, दुसऱ्या लहान पिशवीत नागाळा पार्कचे पाच. अकराची पिशवी आधी भरायची, पाचाची शेवटी. पाचाची पिशवी नागाळा पार्क येईपर्यंत उघडायचीच नाही. पहिल्या पिशवीत शाहूपुरीचे तीन डबे एका बाजूला एकावर एक लावा, ताराबाई पार्कचे दुसऱ्या बाजूला, म्हणजे एक बाजू रिकामी करताना दुसरीला हात लावावा लागत नाही. डबे काढले की पिशवीत पोकळी राहते आणि अर्धी रिकामी पिशवी भरलेल्या पिशवीपेक्षा लवकर गार होते. त्या पोकळीत जुन्या गोधडीचा तुकडा घडी करून दाबून बसवा.

रस्सा आणि भात मंद आचेवर झाकून ठेवायचे आणि डब्यात अगदी शेवटी घालायचे. स्टीलचे डबे भरण्याआधी कढत पाण्याने विसळून घ्या, नाहीतर गार स्टील रस्स्यातली उष्णता आधी स्वतः ओढून घेतं. पिशवीतही भरण्याआधी दहा मिनिटं उकळत्या पाण्याचा एक घट्ट झाकणाचा डबा ठेवायचा. चपातीचं उलट आहे. तव्यावरची गरमागरम चपाती तशीच डब्यात कोंबली तर वाफेने ओलीगच्च होते. वाफ जाऊ द्या, फडक्यात गुंडाळा, मग डब्यात घाला.

"रस्सा जरा जास्तच उकळू, म्हणजे पोचेपर्यंत गरम राहील"

आमटी असेल तर थोडंफार चालून जातं. पांढरा रस्सा असेल तर नारळाचं दूध फुटतं आणि डबा उघडल्यावर पाणी वेगळं, चोथा वेगळा दिसतो. तांबड्या रस्स्यावर मात्र कट असू द्या. तेलाचा तो थर वाफ अडवतो आणि खालचा रस्सा गरम राहायला मदत करतो. "तेल कमी" सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचा डबा बाकीच्यांच्या आधी गार होणार हे धरून चाला आणि शक्य असेल तर तो लवकरच्या थांब्यावर घ्या.

हाताने डबा चाचपून गरम ठरवणं

बाहेरून स्टील गरम लागतं आणि आत भात कोमट असतो. टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. एक जादा डबा भरा, तो शेवटच्या थांब्याच्या डब्यांबरोबर पाठवा आणि तिथे पोचल्यावर रस्सा ढवळून तापमान बघा, भाताच्या मधोमधही बघा. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. त्याच्या खाली जंतू वाढायला लागतात आणि भाताच्या बाबतीत तर हे फार सांभाळावं लागतं. भरताना 85 आणि शेवटी 65 आलं तर फेरी ठीक. 58 आलं तर शेवटचा थांबा आधी घ्या किंवा फेरीचे दोन भाग करा.

नकाशा सांगेल तीच वेळ धरणं

गूगल मॅप्समध्ये थांबे ज्या क्रमाने टाकाल त्याच क्रमाने तो रस्ता दाखवतो. चांगला क्रम तुम्हालाच शोधायचा असतो. शिवाय तो रस्त्यावरचीच मिनिटं सांगतो. जिना, लिफ्ट, वॉचमनची वही त्यात नसते. एक आठवडा प्रत्येक थांब्यावर गाडी बंद केल्यापासून सुरू करेपर्यंतची मिनिटं वहीत लिहा. मोठ्या ऑफिसात गेटवर पोचल्यावर फोन करू नका. आधीच्या थांब्यावरून निघतानाच करा, म्हणजे माणूस खाली येऊन उभा राहतो. पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचलं की राजारामपुरीतून शाहूपुरीला जायला वळसा पडतो. त्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं लिहून भिंतीला लावा. अंबाबाईच्या देवळाजवळ महाद्वार रोडकडे डबे असतील तर नवरात्रातल्या गर्दीसाठीही तसंच करा.

नवीन गिऱ्हाईक वाटेत घुसवणं

कदमवाडीतून एका डब्याची ऑर्डर आली. पोरगं म्हणतं, ताराबाई पार्कला जाता जाता टाकून येतो, दहाच मिनिटं जास्त. पण त्या वेळी पिशव्यांत तेरा डबे आहेत आणि ही दहा मिनिटं त्या तेराही डब्यांना पडणार. नागाळा पार्कातले जेवण 1:10 ला पोचणार आणि तिथे एकला सुट्टी झालेली माणसं हात धुऊन बसलेली असणार.

तोच डबा नागाळा पार्कनंतर ठेवला तर दुसऱ्या कुणालाच त्रास नाही. 1:03 ला तिथून निघून आठ मिनिटांत, म्हणजे 1:11 ला तो पोचेल, पण पिशवीत पस्तीस मिनिटं राहिलेला असेल. म्हणून होकार द्यायच्या आधी चाचणीचा जादा डबा तिथपर्यंत नेऊन तापमान बघा. 60 च्या वर आलं तर गिऱ्हाइकाला सव्वाची वेळ सांगा, "एकपर्यंत येईल" असं सांगू नका. खाली आलं, तर त्याच भागातले आणखी तीन-चार डबे मिळून वेगळी फेरी परवडेपर्यंत ऑर्डर घेऊ नका.