रिस्टोरेशन आहे, तरी दोन लाख खिशातून का गेले?

समजा, कोथरूडमधल्या एका कुटुंबाची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेली आरोग्य विमा पॉलिसी आहे. वडिलांची बायपास झाली, बिल आलं ७ लाख. पॉलिसीत रिस्टोरेशन आहे, म्हणजे विम्याची रक्कम संपली की कंपनी ती पुन्हा भरते. त्यामुळे ५ लाख पुन्हा भरतील आणि वरचे २ लाख त्यातून निघतील, असं घरच्यांना वाटतं. बहुतेक पॉलिसींत तसं होत नाही. पुन्हा भरलेली रक्कम पुढच्या क्लेमसाठी असते. ज्या क्लेममुळे मूळ रक्कम संपली, त्यासाठी नाही. ते २ लाख घरातूनच द्यावे लागतात.

दोन महिन्यांनी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तर मात्र हेच ५ लाख कामी येतात. पण वडिलांनाच पुन्हा हृदयासाठी भरती करावं लागलं तर? अनेक जुन्या पॉलिसींत त्याच व्यक्तीच्या त्याच किंवा संबंधित आजाराला ही रक्कम मिळत नाही. माझ्या मते पॉलिसी घेताना सगळ्यात आधी हीच अट वाचावी, कारण हृदयविकार, कर्करोग, डायलिसिस यांत पुन्हा पुन्हा भरती व्हावं लागतं.

आणखी एक शब्द शोधा: रक्कम ‘पूर्ण’ संपल्यावर की ‘अंशतः’ संपल्यावर? पूर्णची अट असेल आणि पहिल्या क्लेमनंतर ५० हजार उरले असतील, तर काही पॉलिसींत दुसऱ्या क्लेमला तेवढेच मिळतात. पुन्हा भरलेली रक्कम वापरली नाही, तर ती नूतनीकरणानंतर पुढच्या वर्षात जात नाही.

एजंटला हे तिन्ही प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरासोबत पॉलिसीतल्या कलमाचा क्रमांक मागा.