को-फाउंडर म्हणून बाहेर पडतानाचं पत्र

माझं पहिलं राजीनामापत्र दोन पानी होतं आणि त्यात एकही आकडा नव्हता. वकीलबाईंनी ते वाचून बाजूला ठेवलं. "शेअर किती राहतायत तुमच्याकडे?" मी म्हटलं, अडीच हजार. "कशावरून?"

कंपनी पुण्यातली, प्रायव्हेट लिमिटेड. माझ्या नावावर 4,000 शेअर, व्हेस्टिंग, म्हणजे ते ठेवून घ्यायचा हक्क टप्प्याटप्प्यानं पक्का होणं, 48 महिन्यांचं; पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच पक्कं नाही, हा क्लिफ, त्यानंतर दरमहा. कंपनी सुरू होऊन 30 महिने झाले होते, म्हणून माझा हिशेब 2,500. पण वर्षभरानंतर गुंतवणूक आली, तेव्हाच्या शेअरहोल्डर करारात व्हेस्टिंग त्या तारखेपासून नव्यानं सुरू केलं होतं. म्हणजे 18 महिने आणि 1,500 शेअर. सही माझीच होती, बोलणार काय!

शेअर पहिल्या दिवसापासून आपल्याच नावावर असतात. पक्का होत जातो तो ते ठेवून घ्यायचा हक्क. उरलेले 2,500 आमच्या करारानुसार दर्शनी किमतीला, 10 रुपयांना एक, दुसऱ्या फाउंडरकडे जायचे होते. इतक्या स्वस्तात घेतले की बाजारमूल्यातल्या फरकावर घेणाऱ्याला आयकर लागू शकतो. त्यामुळे सही करण्याआधी दोघंही सीएकडे बसलो.

पत्रात शेवटी एवढंच आलं: अमुक तारखेअखेर 1,500 शेअर व्हेस्ट, 2,500 करारातल्या अमुक कलमानुसार हस्तांतरित. नोकरीचा आणि संचालकपदाचा राजीनामा वेगवेगळ्या वाक्यांत. संचालकपद कंपनीला पत्र मिळाल्याच्या किंवा पत्रात लिहिलेल्या तारखेला सुटतं, यातली जी नंतरची ती धरतात. म्हणून पोच घ्या. संचालक बदलल्याचा फॉर्म, DIR-12, कंपनीनं 30 दिवसांत भरायचा असतो. भरला का ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, साइटवर स्वतः पाहा.

लॅपटॉप आणि ऑफिसची किल्ली परत करणं सोपं. आमचं डोमेन मात्र माझ्या खासगी जीमेलवर होतं, क्लाउडच्या मुख्य खात्याचा ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा आणि बँकेत सही माझी होती. या प्रत्येकाची ओळ पत्राच्या जोडपत्रात घातली: काय, कोणाकडे दिलं, कधी, घेणाऱ्याची सही. माझी डिजिटल सही असलेला टोकन मात्र मी परत आणला. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असायचा, पण ती सही कंपनीची नसते, माणसाची असते.

गुंतवणूकदारांना कळवण्यात मी चुकलो. मुख्य गुंतवणूकदाराला फोन करायच्या आधी एका ओळखीच्या एंजलला, म्हणजे स्वतःचे पैसे घालणाऱ्या छोट्या गुंतवणूकदाराला, चहा घेताना बोलून गेलो. संध्याकाळी मुख्य गुंतवणूकदाराचा फोन आला, तो माझ्या पार्टनरला: "तुमच्यात भांडण झालंय का?" करारात त्यांना लेखी कळवायची अट होती, ती वेगळीच. मग घाईघाईनं आम्हा दोघा फाउंडरांच्या नावानं गुंतवणूकदारांना एकच मेल गेला: कधी जातोय, माझं काम कोण बघणार, शेअरचं काय ठरलं. कारणाला एक वाक्य. तो मेल पत्रासोबतच लिहून ठेवायला हवा होता.

पाच महिन्यांनी माझ्या मोबाइलवर क्लाउडचा ओटीपी आला. जोडपत्र काढलं, त्या ओळीसमोर सही होती, नंबर मात्र कोणी बदलला नव्हता.