निकालाआधी पेपर तपासून होत नसतील तर (माझा अनुभव)

लक्षण: गठ्ठा दिवसांत समान वाटूनही शेवटी निम्मे पेपर उरतात. रोजचा आकडा वाढवून पाहिला, रात्री बसून पाहिलं. आमच्या गावात एप्रिलच्या रात्री लाईटचा भरवसा नाही. फार जीव मेटाकुटीला यायचा.

जमलं ते असं. नववी विज्ञानाचे 120 पेपर होते. आधी पाच पेपर तपासून नमुना उत्तरं आणि अर्ध्या गुणाचे नियम पक्के केले. ही वेळ मोजायची नाही, कारण हात बसलेला नसतो. मग हुशार, मध्यम, कच्चे असे मिसळून दहा पेपर घड्याळ लावून तपासले. 80 मिनिटं, म्हणजे पेपरला 8.

पहाटे 5 ते 7, ऊन तापायच्या आत, मधली दहा मिनिटं विश्रांती वगळून 110 मिनिटं मिळतात. त्यात 13 पेपर. म्हणजे 10 बैठका. बेरीज पडताळणी आणि गुणपत्रकातली नोंद पेपरला 2 मिनिटं, एकूण 4 तास. त्याला वेगळ्या 3 बैठका. लग्नसराई आणि शाळेची कामं निघतातच, म्हणून 2 दिवस मोकळे. निकाल जमा करायच्या तारखेपासून हे 15 दिवस मागे मोजून सुरुवात ठरवली.

तिसऱ्या दिवशी 39 पेपर झालेले नसतील, तर वेळ पुन्हा मोजा.