पगार आला, हप्ता मात्र परत गेला: पैसे आपोआप वाटून देताना या चुका टाळा

तीन खाती उघडायची: बिलांचं, उद्दिष्टांचं आणि रोजच्या खर्चाचं. पगार झाला की स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने रकमा आपापल्या खात्यात जाऊ द्यायच्या. ही व्यवस्था अर्ध्या तासात लावून होते आणि पहिले दोन महिने सुरळीत चालते. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बिलांच्या खात्यातून एखादं पेमेंट परत जातं, दंड बसतो, आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ म्हणून माणूस सगळं बंद करतो. बहुतेक वेळा त्याचा पगार कमी पडलेला नसतो आणि त्याची शिस्तही ढळलेली नसते. बिलांच्या खात्याचा हिशोब एका ठिकाणी चुकलेला असतो, आणि ती चूक ठरावीकच आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

वर्षाची सरासरी काढली, पण तळ काढला नाही

बिलांच्या खात्यात दरमहा किती टाकायचं हे ठरवताना आपण वर्षाची सगळी बिलं जोडतो आणि 12 ने भागतो. हे गणित बरोबरच आहे, फक्त ते अर्धवट आहे. बिलं सरासरीने येत नाहीत, आपापल्या तारखेला येतात. वर्षाअखेरीस हिशोब जुळत असला, तरी मध्येच खातं रिकामं पडू शकतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. एका घराचा पगार 60,000 आहे. दरमहा ठरलेलं भाडं 15,000, कर्जाचा हप्ता 7,000, फोन आणि इंटरनेट मिळून 1,200. विजेचं बिल वर्षातले चार महिने 3,000 आणि उरलेले आठ महिने 1,500, म्हणजे सरासरी 2,000. महिन्याची बिलं झाली 25,200. शिवाय वर्षातून कधीतरी येणारी बिलं आहेत: मुलाची फी 12,000, दोनदा, विम्याचा हप्ता 18,000, गाडीचा विमा 6,000. हे मिळून 48,000, म्हणजे दरमहा 4,000. तेव्हा बिलांच्या खात्यात दरमहा 29,200 टाकायचे असं ठरलं.

आता ही बिलं महिन्यांच्या क्रमाने लावा. समजा व्यवस्था सुरू केल्यापासूनचे पहिले चारही महिने वीज जास्त लागणारे आहेत, फी तिसऱ्या आणि नवव्या महिन्यात आहे, मोठा विमा चौथ्या महिन्यात आणि गाडीचा सहाव्यात. पहिल्या महिन्याच्या शेवटी खात्यात 3,000 उरतात, दुसऱ्याच्या शेवटी 6,000. इथपर्यंत सगळं छान वाटतं. तिसऱ्या महिन्यात फी जाते आणि खातं 3,000 ने कमी पडतं. चौथ्या महिन्यात विमा येतो, तेव्हा 18,000 कमी पडतात. पुढे खातं हळूहळू सावरतं आणि बाराव्या महिन्याच्या शेवटी बरोबर शून्यावर येतं. दरमहाची रक्कम चुकीची नव्हतीच. चुकलं ते एवढंच की खातं शून्यापासून सुरू केलं.

हा जो 18,000 चा खड्डा आहे, तो या खात्याचा तळ. तेवढी रक्कम पहिल्या दिवशी खात्यात ठेवली, तर त्या वर्षातलं कुठलंही बिल परत जात नाही. एकदम ठेवणं शक्य नसेल, तर पहिले चार महिने दरमहा 4,500 जास्त टाका आणि पाचव्या महिन्यापासून 29,200 वर या. त्या चार महिन्यांत उद्दिष्टांच्या खात्यात कमी जाईल. ते जाऊ द्या. बँकेने किमान शिल्लक ठेवायला सांगितली असेल, तर ती या 18,000 च्या वर धरायची, कारण ते पैसे बिलांना वापरता येत नाहीत.

तळ काढायला बारा ओळींची वही पुरते. प्रत्येक ओळीत मागची शिल्लक, त्यात आलेली रक्कम, त्यातून गेलेली बिलं. ज्या ओळीत आकडा सगळ्यात खाली जातो तो तळ. सुरुवात मात्र व्यवस्था ज्या महिन्यात लावताय त्याच महिन्यापासून करा. हीच बिलं, हीच रक्कम, पण सुरुवात पाचव्या महिन्यापासून केली तर तळ वेगळा येतो.

आणि एक मोह टाळा. पहिल्या दोन महिन्यांत या खात्यात पैसे साठलेले दिसतात आणि ते ‘जास्तीचे’ वाटतात. ते जास्तीचे नसतात. दुसऱ्या महिन्यातले ते 6,000 उचलले, तर चौथ्या महिन्याचा खड्डा 24,000 चा होतो.

तारखा एकमेकींना चिकटवल्या

पगार 1 तारखेला, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन 1 तारखेला, हप्ता 2 तारखेला. कागदावर हे नेमकं वाटतं. पण 1 तारखेला सुट्टी आली की पगार कधी आदल्या दिवशी येतो, कधी नंतरच्या. इन्स्ट्रक्शन मात्र ठरलेल्या तारखेची असते; सुट्टीला ती पुढे ढकलायची की नाही हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. शिवाय पगार दुपारी जमा झाला आणि इन्स्ट्रक्शन पहाटेच चालून गेली, तर तारीख एक असूनही खात्यात पैसे नव्हते असंच होतं.

अशी इन्स्ट्रक्शन फसली की पुढे काय होतं, हे बँकेला आधीच विचारून ठेवा. काही बँका त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतात, काही करत नाहीत, काही शुल्क लावतात, आणि लागोपाठ काही वेळा फसली तर काही ठिकाणी इन्स्ट्रक्शनच रद्द होते. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण पुढच्या महिन्यात पैसे गेलेच नाहीत हे पेमेंट परत येईपर्यंत कळत नाही.

उपाय सोपा आहे. गेल्या सहा महिन्यांत पगार जास्तीत जास्त कधी उशिरा आला ते स्टेटमेंटमध्ये बघा. त्या तारखेनंतर कामाचे दोन दिवस सोडून इन्स्ट्रक्शन लावा आणि त्यानंतर आणखी दोन-तीन दिवसांनी पहिलं बिल येईल असं बघा. हप्त्याची तारीख बदलून मागता येते. अनेक जण विचारतच नाहीत. तारीख बदलणं शक्य नसेल, तर तेवढं एक बिल मागच्या महिन्याच्या पैशांतून जाईल अशी सोय करा, म्हणजे त्या बिलाएवढी रक्कम तळाच्या रकमेत आणखी धरा.

ढकलणं आणि ओढणं यात गल्लत

स्टँडिंग इन्स्ट्रक्शनमध्ये तुमचं खातं पैसे बाहेर ढकलतं: ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम. ऑटो-डेबिटमध्ये समोरची कंपनी तुमच्या खात्यातून बिलाएवढी रक्कम ओढून घेते, तुम्ही दिलेल्या मँडेटच्या जोरावर. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे न्यायला आणि भाड्यासारख्या न बदलणाऱ्या रकमेला पहिली पद्धत चांगली. वीज, फोन यांना दुसरी.

उलटं केलं की घोटाळा होतो. विजेला 2,000 ची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावली, तर 3,000 च्या बिलात 1,000 थकतात आणि त्यावर दंड चढतो. मँडेटलाही एक मेख आहे: त्यात कमाल मर्यादा लिहिलेली असते. मर्यादा 2,500 ठेवली असेल तर 3,000 चं बिल खात्यात पैसे असूनही परत जातं. खात्यात भरपूर शिल्लक असताना ऑटो-डेबिट फसलं, तर पहिला संशय या मर्यादेवर घ्या. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या बिलापेक्षा ती थोडी वरच असावी.

नवीन खात्यावर बिलं हलवताना जुनी मँडेट आपोआप मरत नाहीत. नवीन मँडेट एकदा नीट चाललेलं दिसलं की जुनं स्वतः रद्द करा, आणि तोपर्यंत जुन्या खात्यात थोडे पैसे राहू द्या. दोन्ही चालू राहिली तर एकच बिल दोनदा भरलं जाण्याची शक्यता असते.

क्रेडिट कार्डाचं बिल बिलांच्या खात्यावर

नाव ‘बिल’ आहे म्हणून कार्डाचं पेमेंटही बिलांच्या खात्याला जोडलं जातं, आणि तिथे सगळी विभागणी पोकळ होते. कार्डावर तुम्ही किराणा घेता, कपडे घेता, बाहेर जेवता. हा खर्चाच्या खात्याचा भार आहे. तो बिलांच्या खात्यातून गेला, तर खर्चाच्या खात्यात पैसे शिल्लक दिसत राहतात, म्हणून ते पुन्हा खर्च होतात, आणि महिनाअखेरी भाड्याच्या पैशांना हात लागतो. वर काढलेला तळ मग कितीही नीट काढलेला असो, उपयोगाचा राहत नाही.

कार्डाचं पेमेंट खर्चाच्या खात्यालाच जोडा. दर आठवड्याला कार्डावर जितकं झालं तितकं लगेच भरून टाकलं, तर आणखी चांगलं. मग खर्चाच्या खात्यात दिसणारी शिल्लक खरी असते. आणि ऑटो-पेमेंट लावताना ‘किमान देय’ निवडलं आहे की ‘एकूण देय’, ते पुन्हा एकदा उघडून बघा. किमान देय निवडलेलं असेल तर कुठलंही पेमेंट परत जात नाही, कुठला इशारा येत नाही, आणि उरलेल्या रकमेवर महिनोन्‌महिने व्याज चढत राहतं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत महागडी चूक आहे.

उद्दिष्टांच्या खात्यातून पैसे परत येत राहतात

वरच्या घरात बिलांना 29,200 गेल्यावर 30,800 उरतात. उत्साहात त्यातले 15,000 उद्दिष्टांना लावले आणि खर्चाला 15,800 ठेवले. घराचा खरा खर्च 20,000 च्या आसपास असेल, तर दर महिन्याच्या विशीत उद्दिष्टांच्या खात्यातून चार-पाच हजार मागे आणावे लागतात. हे शोधायला फार काही लागत नाही: उद्दिष्टांच्या खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि स्वतःच्याच खात्यात परत गेलेल्या रकमा जोडा. तीन महिन्यांत 13,500 परत गेले असतील, तर दरमहाची इन्स्ट्रक्शन 4,500 ने कमी करा, म्हणजे 10,500. साठणारी रक्कम तेवढीच राहते, फक्त ये-जा थांबते आणि त्या खात्याला हात लावायची सवय मोडते.

एखाद्या महिन्यात बिनपगारी रजेमुळे पगार कमी येणार असेल, तर इन्स्ट्रक्शन चालायच्या आधी फक्त उद्दिष्टांची तेवढ्या महिन्यापुरती थांबवा. बिलांची चालू ठेवा. आणि पुढच्या पगाराआधी ती पुन्हा सुरू झाली आहे का, हे बँकेच्या ॲपमध्ये बघा. काही ठिकाणी थांबवलेली इन्स्ट्रक्शन स्वतःहून सुरू होत नाही.