'दॅट वेंट स्मूदली'ला मी 'थँक यू' म्हणाले

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पाठवलेला एक मेल मला अजून शब्दन् शब्द आठवतो. गुरुवारी रात्री रिलीज होतं. डेटाबेसची स्क्रिप्ट माझी होती, ती चालवली आणि साइट चाळीस मिनिटं बंद पडली. सकाळी ब्रिटनमधल्या सीनियर टेस्टरचा मेल आला. एकच ओळ होती: 'वेल, दॅट वेंट स्मूदली.' शेवटी साइट सुरू झाली म्हणून तो खूश आहे, असं मला वाटलं. मी उत्तर दिलं, 'थँक यू! मंगळवारच्या रिलीजलाही हीच स्क्रिप्ट वापरू.' सीसीमध्ये दोन मॅनेजर होते. हिला काय घडलंय याचा पत्ताच नाही, असा अर्थ त्यांनी घेतला. दुपारी मला कॉलवर बोलावून विचारलं तेव्हा कुठे कळलं की सकाळची ती ओळ टोमणा होती.

आपल्याकडे कोणी 'काय दिवे लावलेत!' म्हणालं तर आपण दिवे शोधत नाही. ते वाक्य आपण लहानपणापासून आवाजासकट ऐकलेलं असतं. मेलमध्ये आवाजच गायब होतो. 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर प्रयोग केले. काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे म्हणायची, आणि समोरच्याने कुठलं कसं आहे ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की सुमारे 78 टक्के वाक्यं बरोबर ओळखली जातील. आवाजातून ऐकणाऱ्यांनी जवळपास तेवढी ओळखलीही. ईमेलवर मात्र हे प्रमाण 56 टक्क्यांवर आलं. नाणं उडवून ठरवलं असतं तरी 50 टक्के जमलं असतं! म्हणजे लिहिणाऱ्याला आपला टोमणा उघड वाटतो, कारण लिहिताना त्याच्या कानात स्वतःचा आवाज असतो. आपल्यापर्यंत पोचतात ती फक्त अक्षरं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कौतुकाचं वाक्य आलं की ते आदल्या दिवशीच्या घटनेशेजारी ठेवून बघायचं. चाळीस मिनिटांचा बंद आणि 'स्मूदली' हे एकमेकांना लागून बसत नाहीत, तिथेच शंका घ्यायला हवी होती. दुसरी खूण म्हणजे तपशील. मनापासून केलेल्या कौतुकात बहुधा एखाद्या गोष्टीचं नाव असतं: अमुक चाचणी छान लिहिलीस, रोलबॅक लवकर केलास. टोमणा बहुतेक वेळा आखूड असतो आणि कशाचंच नाव घेत नाही. या दोन्ही खुणा कधीकधी फसवतात, म्हणून मी त्या माणसाचे जुने पाच-सहा मेल उघडते. याच टेस्टरने माझ्या पुढच्या कामावर नुसतं 'नॉट बॅड' लिहिलं होतं, आणि ती खरीखुरी शाबासकी होती. देशावरून अंदाज बांधण्यापेक्षा माणसाच्या जुन्या मेलवरून बांधलेला अंदाज मला कितीतरी भरवशाचा वाटतो.

तरीही कळलं नाही तर काय लिहायचं? सुराला उत्तर देऊच नका, घटनेला द्या. आज मी त्या मेलला असं उत्तर देईन: 'काल साइट चाळीस मिनिटं बंद होती. कारण स्क्रिप्टने मोठं टेबल लॉक केलं. मंगळवारच्या आधी ती तुकड्यातुकड्यांत चालेल अशी बदलते.' तो टोमणा असो वा नसो, हे उत्तर चुकत नाही.

वाक्प्रचारांचा धोका निराळा आहे, कारण तिथे कोणाला शंकाच येत नाही. 'लेट्स टेबल धिस' हे ब्रिटिश माणसाने लिहिलं तर अर्थ होतो विषय आत्ता चर्चेला घेऊ. अमेरिकन माणसाने लिहिलं तर तो विषय तूर्त बाजूला ठेवू. अर्थ नेमके उलटे, आणि दोघांनाही आपलं इंग्रजी स्वच्छ वाटतं. आपल्याकडूनही असं होतं. उत्तर कळवा म्हणून आपण 'प्लीज रिव्हर्ट' लिहितो, पण डेव्हलपरसाठी रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. कोडबद्दलच्या मेलमध्ये मी तो शब्द त्या अर्थाने वापरणं सोडलंय, सरळ 'रिप्लाय' लिहिते.

प्रत्येक वाक्प्रचाराचा अर्थ विचारत बसायची गरज नाही. ज्याच्या अर्थावरून काम करायचं की थांबवायचं हे ठरतं, तेवढाच विचारा, आणि 'याचा अर्थ काय' असं न विचारता आपण काय करणार आहोत ते तारखेसकट लिहा. परवाच एका थ्रेडमध्ये 'टेबल' आला तेव्हा मी लिहिलं, 'म्हणजे हा विषय मी बुधवारच्या बैठकीच्या यादीतून काढते, बरोबर?' दहा मिनिटांत उत्तर आलं: नको, उलट तो सगळ्यात वर घे.