महाप्रसादाचा किराणा: टेम्पोभाड्याने खाल्लेली बचत

गणपतीत आमच्या मंडळाचा महाप्रसाद साधारण ४०० पानांचा असतो. तांदूळ ४० किलो, तूरडाळ १२ किलो, तेलाचे दोन डबे. गेल्या वर्षी मी पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात गेलो. कोपऱ्यावरच्या दुकानात ६२ रुपयांचा तांदूळ तिथे ५४ला, १६०ची डाळ १३८ला. पण तांदळाचं पोतं ५० किलोचं, डाळीचं ३० किलोचं, फोडून देईनात. जास्तीचा माल पदरात पडला आणि टेम्पोचे ९०० वेगळे. आमच्या गरजेपुरती बचत तांदळात ३२० आणि डाळीत २६४, म्हणजे ५८४च. भाड्यातच ती बुडाली!

यंदा शेजारच्या सोसायटीला आधीच विचारलं. त्यांना तांदूळ ६० किलो, डाळ १८ किलो हवी होती. बरोब्बर दोन पोती तांदूळ आणि एक पोतं डाळ. भाडं वजनाच्या प्रमाणात वाटलं, आमच्या वाट्याला ३६० आले. हमालीचे ४० धरूनही १८४ रुपये वाचले, आणि उरलेला माल कुणाच्या गळ्यात नाही.

तेलाचा भाव मात्र डब्यावरचं वजन वाचूनच ठरवा. एका दुकानात डबा १२० रुपयांनी स्वस्त होता, पण तो १५ लिटरचा, दुसरीकडचा १५ किलोचा. १५ लिटर तेल भरतं जेमतेम पावणेचौदा किलो. किलोला १४० धरले तर स्वस्त डबाच महाग पडत होता.