व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलेल्या ऑर्डरींचा आणि पैशांचा मेळ कसा घालावा

दादर-गिरगावच्या कितीतरी स्वयंपाकघरांतून दिवाळीचा फराळ आज व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून विकला जातो. फोटो कसे काढावेत आणि दरपत्रक कसे सजवावे, याबद्दल सल्ल्यांचा सुकाळ आहे, म्हणून त्यात शिरत नाही. धंदा अडतो तो आलेले पैसे कोणत्या ऑर्डरचे, या प्रश्नाशी.

सुरुवातीला एक साधी वही किंवा गूगल शीट घ्यावी. तिच्यात ऑर्डर क्रमांक, नाव, माल, एकूण रक्कम, आगाऊ, बाकी आणि देण्याची तारीख एवढे रकाने पुरतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील रंगीत लेबले लावायला हरकत नाही, पण लेबल म्हणजे नोंद नव्हे. समोरच्याने २४ तासांनी आपोआप नाहीसे होणारे संदेश सुरू केलेले असतील, तर उद्या ती ऑर्डर चॅटमध्ये दिसणारही नाही.

ऑर्डर व्हॉइस मेसेजने येवो की इन्स्टाग्रामच्या कमेंटमधून, तिला क्रमांक देऊन आपण एकच लेखी संदेश पाठवावा आणि त्यावर ‘हो’ येईपर्यंत ती ऑर्डर धरू नये. समजा, पार्ल्याच्या एका बाईंनी अर्धा किलो चकली ३०० रुपये, एक किलो चिवडा ४४० रुपये आणि २० करंज्या ५०० रुपये अशी एकूण १,२४० रुपयांची ऑर्डर दिली आणि तिचा क्रमांक ४१ आहे. त्यांना लिहावे: ‘ऑर्डर ४१. आगाऊ ६००.४१ रुपये, माल घेताना ६३९.४१ रुपये.’

हे ४१ पैसे हाच या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. पैसे पाठवताना शेऱ्यात ऑर्डर क्रमांक लिहायला सांगा, असा सल्ला सर्वत्र मिळतो, पण तो ज्यांनी दिला त्यांनी दिवाळीच्या आठवड्यातील खातेउतारा पाहिलेला नसावा. निम्मे ग्राहक शेरा लिहीत नाहीत, लिहिला तरी तो प्रत्येक बँकेच्या उताऱ्यात पूर्ण उमटतोच असे नाही, आणि बाईंची ऑर्डर असली तरी पैसे यजमानांच्या किंवा मुलाच्या खात्यातून येतात, ज्यांचे नाव आपण कधी ऐकलेलेही नसते. यूपीआयने पैशांपर्यंतची रक्कम पाठवता येते. त्यामुळे उताऱ्यात ६००.४१ दिसले की नाव कोणाचेही असो, ती ऑर्डर ४१ ची आगाऊ रक्कम. दोन्ही हप्ते मिळून १,२३९.८२ रुपये होतात, म्हणजे आपले १८ पैसे जातात; ते खुशाल जाऊ द्यावेत. क्रमांक ९९ च्या पुढे गेले की ही युक्ती संपते, तेव्हा पुन्हा १ पासून सुरुवात करावी, मात्र त्या क्रमांकाची जुनी ऑर्डर पूर्ण झालेली असली पाहिजे.

काही जण तरीही सरळ ६०० रुपये पाठवतात. अशा वेळी व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक मागावा आणि तो आपल्या उताऱ्यातील क्रमांकाशी ताडून पाहावा.

स्क्रीनशॉट ही पावती नव्हे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. तो बनावट असू शकतो, जुना असू शकतो किंवा व्यवहार अर्धवट अडकलेला असताना काढलेला असू शकतो. एसएमएसवरही विसंबू नये, कारण तो कोणीही बँकेसारखा लिहून पाठवू शकतो, आणि लहान रकमांचे एसएमएस काही बँका पाठवतच नाहीत. ‘चुकून ६०० ऐवजी ६,००० गेले, वरचे परत करा’ अशी घाई कोणी केली, तर आधी बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडून जमा रक्कम पाहावी; बहुधा तिथे काहीच आलेले नसते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, त्यामुळे पिन मागणारी विनंती म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. ग्राहकाकडून कापले गेले पण आपल्याकडे आले नाहीत, असे खरोखरच घडते. तेव्हा तक्रार ग्राहकाने यूटीआर क्रमांकासह स्वतःच्या बँकेकडे करायची असते, आणि तोवर आपल्या वहीत आगाऊचा रकाना रिकामाच राहतो.

रोज रात्री एकदा उतारा आणि वही समोरासमोर ठेवून जुळलेल्या रकमेवर खूण करावी.

देण्याची तारीख मात्र आगाऊ रकमेवर खूण झाल्यावरच सांगावी. ‘बघते, गुरुवारपर्यंत होईल’ हे आपण सहज लिहितो आणि ग्राहक त्याला शब्द मानतो. म्हणून तारीख आधी वहीत उतरवावी, त्या दिवशी आधीच किती किलो चकली कबूल केली आहे ते मोजावे, आणि मगच संदेश पाठवावा. माल स्टेशनवर द्यायचा असेल तर कोणता पूल आणि किती वाजता, हेही त्याच संदेशात असावे. बाकीची रक्कम उताऱ्यात दिसल्याशिवाय पिशवी हातातून सोडू नये, मग समोर ओळखीचे कोणी का असेना.